प्रत्येक बंद वळसा लिमिट सायकल नसतो: लंबकाच्या घड्याळावरून फेज प्लेन वाचायला शिकूया

ठाण्यात नौपाड्याच्या, जांभळी नाक्याच्या जुन्या घरांत भिंतीवर अजूनही लंबकाची घड्याळं दिसतात. अशा घड्याळाला पूर्ण चावी दिली तरी ते आपोआप सुरू होत नाही. लंबक बोटाने बाजूला नेऊन सोडावा लागतो. अगदी थोडासा नेला तर तो काही झोके घेतो आणि थांबतो. जरा जास्त नेला की घड्याळ चालू होतं. खूपच जास्त नेला तर सुरुवातीचे झोके मोठे पडतात, पण थोड्या वेळात ते कमी होत होत नेहमीच्याच मापावर येतात आणि मग दिवसभर त्याच मापावर राहतात.

या तिन्ही गोष्टी एकाच चित्रात दिसू शकतात. ते चित्र म्हणजे फेज प्लेन पोर्ट्रेट. इंजिनिअरिंगच्या मुलांना ते कंट्रोल सिस्टिम्सच्या विषयात भेटतं आणि बहुतेक जण समतोल बिंदूंचे प्रकार पाठ करून परीक्षा देतात. चित्र वाचता येणं मात्र राहून जातं. म्हणून इथे एकच घड्याळ घेऊन त्याचं चित्र सुरुवातीपासून काढूया, म्हणजे प्रत्येक रेषेचा अर्थ हाताशी राहील.

एखाद्या क्षणी लंबकाबद्दल काय माहीत असलं म्हणजे त्याचं पुढचं सगळं सांगता येईल? फक्त कोन पुरत नाही. लंबक बरोबर मध्यावर आहे एवढंच कळलं तर तो तिथे थांबलेला आहे, उजवीकडे निघालाय की डावीकडे, हे कळत नाही. कोन आणि त्या क्षणीचा वेग, हे दोन्ही कळले की पुढचं सगळं ठरतं. कोनाला x म्हणू, कोनीय वेगाला y म्हणू. x आडव्या अक्षावर, y उभ्या अक्षावर. लंबकाची कोणतीही अवस्था म्हणजे या कागदावरचा एक बिंदू, आणि लंबक हलत राहतो तसा तो बिंदू कागदावर एक रेष काढत जातो. ही रेष म्हणजे ट्रॅजेक्टरी. वेगवेगळ्या सुरुवातींच्या अशा बऱ्याच रेषा एकत्र काढल्या की पोर्ट्रेट तयार होतं. त्यात वेळेचा अक्ष नसतो. वेळ रेषेवरच्या बाणाच्या दिशेत असते.

चावीचा, दातेरी चाकाचा विचार थोडा बाजूला ठेवू आणि नुसता लंबक घेऊ. साधारण २५ सेंटिमीटर लांबीच्या लंबकाचा एक पूर्ण झोका जवळजवळ १ सेकंदाचा असतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून वेळ अशा एककात मोजू, की लहान झोक्याला २π म्हणजे सुमारे ६.२८ एककं लागतील. मग समीकरणं इतकी सुटसुटीत होतात:

```
x' = y
y' = -a*y - sin(x)
```

इथे x' आणि y' म्हणजे x आणि y बदलण्याचे दर, आणि a म्हणजे हवेचा आणि टांगणीचा विरोध. तो ०.१ धरू. खऱ्या चांगल्या घड्याळात तो याहून बराच कमी असतो, पण मग चित्रातली गुंडाळी इतकी दाट होते की डोळ्यांना नीट दिसत नाही. कोन रेडियनमध्ये आहे: ०.१ रेडियन म्हणजे ५.७ अंश.

आता बाण काढायला कॉम्प्युटर लागत नाही. पहिल्या ओळीवरूनच दोन गोष्टी मिळतात. y धन असेल, म्हणजे आपण आडव्या अक्षाच्या वर असू, तर x वाढतो, बाण उजवीकडे. अक्षाच्या खाली असू तर बाण डावीकडे. म्हणून अशा चित्रातले वळसे नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. कोणी दाखवलेल्या चित्रात उभा अक्ष वेगाचा असूनही वळसा उलटा फिरत असेल, तर अक्षांच्या खुणांमध्ये काहीतरी गडबड आहे हे लगेच ओळखावं. दुसरी गोष्ट, आडवा अक्ष ओलांडताना y शून्य असतो, म्हणून तिथे रेष सरळ उभी असते. (1, 0) या बिंदूवर x' = 0 आणि y' = -0.84, म्हणजे बाण थेट खाली. (0, 0.5) वर x' = 0.5 आणि y' = -0.05, म्हणजे बाण जवळजवळ आडवा, किंचित खाली झुकलेला. (1, 0.5) वर उतार -1.78. असे वीसेक बाण वहीत काढले तरी चित्राचा सांगाडा उभा राहतो, आणि मुलांनी हे एकदा हातानेच करावं असं माझं ठाम मत आहे.

ज्या बिंदूवर दोन्ही वेग शून्य, तिथे बाणच नाही. तो समतोल बिंदू. x' = y असल्यामुळे समतोल बिंदू आडव्या अक्षावरच असू शकतो, दुसरीकडे कुठेच नाही. आणि त्या अक्षावर sin x = 0 हवं. म्हणजे x = 0, लंबक खाली लोंबकळत स्थिर, आणि x = π, लंबक बरोबर उलटा, डोक्यावर उभा. घड्याळाचा लंबक काही तिथवर जात नाही, पण समीकरणाला तो बिंदू ठाऊक आहे आणि चित्रात तो दिसतो.

समतोल बिंदू सापडला एवढ्याने काम होत नाही, त्याच्या आसपासच्या रेषा काय करतात ते पाहावं लागतं. x = 0 च्या जवळ sin x च्या जागी x लिहिता येतो. मग e^(λt) सारखं उत्तर धरलं की λ² + 0.1λ + 1 = 0 हे समीकरण मिळतं आणि त्याची मुळं -0.05 ± 0.999i अशी येतात. काल्पनिक भाग सांगतो की रेष गोल फिरणार. वास्तव भाग ऋण आहे, तो सांगतो की फिरता फिरता आत येणार. चित्रात ही आत वळत जाणारी गुंडाळी दिसते. याला स्थिर फोकस म्हणतात. समीकरण हाताशी नसेल, नुसती मोजलेली रेष असेल, तरी एवढं वाचता येतं: रेष बिंदूभोवती फेऱ्या मारत आत गेली तर स्थिर फोकस, फेऱ्या मारत बाहेर आली तर अस्थिर फोकस, आणि फेरी न मारता थेट बिंदूत शिरली तर नोड. विरोध खूप वाढवला, a दोनच्या वर गेला, की आपल्याच लंबकाचा फोकस नोड होतो. तेलात बुडवलेला लंबक झोका न घेता हळूहळू मध्यावर येतो, तसं.

x = π जवळ चिन्ह बदलतं: λ² + 0.1λ - 1 = 0. मुळं ०.९५ आणि -१.०५. एक धन, एक ऋण, दोन्ही वास्तव. अशा बिंदूला सॅडल म्हणतात. तिथे ०.९५ उताराच्या रेषेवरून बिंदू दूर पळतात, आणि -१.०५ उताराच्या रेषेवरून त्याच्याकडे येतात. बाकी सगळ्या रेषा जवळ येतात, वेग मंदावतो, आता पोहोचणार असं वाटतं आणि त्या एकीकडे वळून निघून जातात. ओळखायची खूण हीच. दोन वाटांनी जवळ येणं, दोन वाटांनी दूर जाणं, आणि मधल्या सगळ्या रेषा वाकून निघून जाणं.

सॅडलकडे येणाऱ्या त्या दोन वाटा पोर्ट्रेटमधल्या सगळ्यात कामाच्या रेषा आहेत. त्यांना सेपरेट्रिक्स म्हणतात. पारसिकच्या डोंगरमाथ्यावर पावसाचे दोन थेंब अगदी शेजारी पडले तरी एक खाडीच्या बाजूला उतरतो, दुसरा पलीकडे. सेपरेट्रिक्स म्हणजे ती माथ्याची रेघ. आपल्या लंबकासाठी तिचा अंदाज ऊर्जेवरून काढता येतो. विरोध नसता तर खालून निघून बरोबर डोक्यावर पोहोचायला वेग २ लागला असता, म्हणजे ऊर्जा y²/2 = 2. वाटेत विरोधात जाणारी ऊर्जा साधारण 0.1 × 4 = 0.4 येते. म्हणजे एकूण २.४, आणि वेग सुमारे २.२. याहून कमी वेगाने निघालेला लंबक परत खाली येऊन पहिल्याच फोकसमध्ये गुंडाळला जातो. जास्त वेगाने निघाला तर डोक्यावरून पलीकडे जातो आणि निदान एक पूर्ण गिरकी घेऊन मगच स्थिरावतो. समीकरण पूर्ण न सोडवता, एक रेष काढून, कोणत्या सुरुवातीचं काय होणार ते सांगता आलं. फेज प्लेनवर माझा जीव आहे तो यासाठीच.

आता विरोध शून्य करून पाहू, a = 0. खालच्या बिंदूची मुळं ± i होतात. गुंडाळी नाहीशी होते आणि बंद वळसे मिळतात. लहान झोका सोडला तर लहान वळसा, मोठा सोडला तर मोठा. एकात एक, अखंड, कितीही. असल्या बिंदूला सेंटर म्हणतात.

इथे थांबून नीट बघायला हवं, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. बंद वळसा दिसला की मुलं पटकन लिमिट सायकल लिहितात. पण सेंटरभोवतालचा एकही वळसा लिमिट सायकल नाही. त्यातल्या कोणत्याही वळशावर लंबक असताना त्याला हलकासा धक्का द्या, तो शेजारच्या वळशावर जाईल आणि तिथेच राहील. जुन्या वळशाशी त्याला काही देणंघेणं नाही. लिमिट सायकल मात्र एकटा असतो. त्याच्या अगदी शेजारी दुसरा बंद वळसा नसतो. शेजारच्या रेषा एक तर त्याच्यावर येऊन गुंडाळतात, नाहीतर त्याच्यापासून सुटत जातात. म्हणून लिमिट सायकल ओळखायचा तर वळशाकडे बघून चालत नाही, त्याच्या आतून आणि बाहेरून सुरू झालेल्या रेषांकडे बघावं लागतं. अशा वळशांचा अभ्यास आँरी पॉइन्कारे यांनी १८८० च्या दशकात केला. प्रत्यक्ष यंत्रांतली स्वतःहून टिकणारी आंदोलनं म्हणजे पॉइन्कारेंचे हेच वळसे, हे १९२९ मध्ये अलेक्सांद्र आंद्रोनोव यांनी दाखवलं.

विरोध असलेल्या नुसत्या लंबकाला लिमिट सायकल असूच शकत नाही, आणि हे हिशेब न करताही पटतं. कागदावर सुरुवातीच्या बिंदूंचा एक लहानसा ठिपका घ्या आणि त्या सगळ्या बिंदूंना पुढे जाऊ द्या. या समीकरणांत ठिपक्याचं क्षेत्रफळ सगळीकडे सारख्याच दराने, e^(-0.1t) प्रमाणे, आक्रसत जातं. आता समजा, एक बंद वळसा आहे. ट्रॅजेक्टरी एकमेकींना छेदत नाहीत, म्हणून वळशाच्या आतले बिंदू कायम आतच राहणार आणि वळसा जागचा हलणार नाही. म्हणजे आतलं क्षेत्रफळ जेवढ्यास तेवढं राहायला हवं. पण ते तर आक्रसतंय. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, म्हणून बंद वळसा नाही. ही बेंडिक्सन यांची कसोटी. विरोध असूनही बंद वळसा हवा असेल तर प्रतलात कुठेतरी क्षेत्रफळ वाढायला हवं, म्हणजे कुठेतरी बाहेरून ऊर्जा आत यायला हवी.

घड्याळात ती चावीतून येते. स्प्रिंग दातेरी चाक फिरवायला बघते, लंबकाला जोडलेली दोन टोकांची पट्टी त्याला अडवते. लंबक पुरेसा बाजूला गेला की पट्टीचं टोक सुटतं, चाक एक दात पुढे सरकतं, आणि सरकताना पट्टीला, म्हणजे लंबकाला, हलकासा ढकलतं. तीच टिकटिक. क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ केलं तेव्हापासून तत्त्व हेच आहे.

याचं साधं गणित असं मांडू. लंबक मध्यावरून जातो त्या क्षणी त्याच्या वेगात ०.०१५ ची भर पडते, ज्या दिशेने तो जातोय त्याच दिशेने. मात्र आधीचा झोका निदान ०.०४ रेडियन, म्हणजे सुमारे २.३ अंश गेला असेल तरच. तेवढा गेला नसेल तर दात सुटतच नाही आणि धक्का मिळत नाही. खऱ्या यंत्रात धक्का थोड्या अंतरभर चालतो, आपण तो एका क्षणात उरकला. चित्रात तो उभ्या अक्षावरच्या दोन छोट्या उड्यांसारखा दिसतो, वरच्या बाजूला वर आणि खालच्या बाजूला खाली.

आता पूर्ण रेष काढत बसायची गरज नाही. रेष दर वेळी उभा अक्ष ओलांडते तेव्हाचा, धक्का बसल्यानंतरचा वेग तेवढा नोंदवू. त्याला v म्हणू. अर्ध्या फेरीत विरोधामुळे वेग ०.८५४५ पटीने कमी होतो (e चा घात -0.157), मग ०.०१५ ची भर पडते:

```
v_next = 0.8545 * v + 0.015
```

०.०५ पासून सुरुवात करू. पुढचा ०.०५७७, मग ०.०६४३, ०.०७००, ०.०७४८. वाढतोय, पण दर वेळी थोडा कमी वाढतोय. आता ०.२ पासून सुरू करू: ०.१८५९, ०.१७३९, ०.१६३६, ०.१५४८. कमी होतोय, आणि तोही मंदावतोय. एक आतून वर येतोय, एक बाहेरून खाली. दोघं कुठे भेटणार? जिथे हरवलेला वेग आणि मिळालेला वेग सारखे होतात तिथे: v = 0.015 / (1 - 0.8545) = 0.103. तेवढ्या वेगाला झोका साधारण ०.०९५ रेडियन, म्हणजे साडेपाच अंश. हा आपल्या घड्याळाचा लिमिट सायकल, आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून रेषा त्याच्यावर येतात म्हणून तो स्थिर.

त्याच्याकडे किती लवकर पोहोचणार हेही त्याच आकड्यात आहे. ०.१०३ पासूनचा फरक दर अर्ध्या फेरीला ०.८५४५ पट होतो, म्हणजे दहा अर्ध्या फेऱ्यांनंतर मूळ फरकाचा साधारण पाचवा हिस्सा उरतो. हा गुणक १ पेक्षा कमी असेल तर वळसा स्थिर, जास्त असेल तर अस्थिर. वळशाचं चित्र समोर असेल आणि समीकरण नसेल, तर चित्रावर अशी एक रेघ ओढावी, ट्रॅजेक्टरी ती कुठे कुठे ओलांडते ते मोजावं आणि सलग दोन फरकांचं गुणोत्तर काढावं. डोळ्यांना भास होऊ शकतो, गुणोत्तराला होत नाही.

आता ०.०४ पासून सुरू करून बघा. झोका ०.०३७ रेडियनच जातो, दात सुटत नाही, धक्का नाही. पुढचा वेग ०.०३४२, मग ०.०२९२, आणि रेष गुंडाळत फोकसमध्ये जाते. घड्याळ थांबतं. म्हणजे चित्रात मध्यावर स्थिर फोकस आहे, बाहेर स्थिर लिमिट सायकल आहे, आणि दोघांच्या मध्ये सुमारे ०.०४३ वेगाला एक सीमा आहे. सीमेच्या आत सुरुवात केली तर थांबणार, बाहेर केली तर चालणार. लेखाच्या सुरुवातीच्या तिन्ही गोष्टी इथे आल्या. आपण धक्क्यासाठी अचानक अट घातली म्हणून इथे सीमा म्हणजे नुसती कड आहे. सगळं गुळगुळीत बदलत असतं, तर एक स्थिर बिंदू आणि त्याला वेढणारा एक स्थिर वळसा यांच्या मधल्या पट्ट्यात, तिथे दुसरा समतोल बिंदू नसेल तर, एक अस्थिर वळसा असावाच लागतो. तो प्रयोगात सहसा दिसत नाही, कारण कोणतीच रेष त्याच्यावर टिकत नाही. पण तो तिथे आहे हे मानल्याशिवाय दोन्ही बाजूंच्या रेषांचा मेळ बसत नाही.

पुस्तकांत लिमिट सायकलचं उदाहरण म्हणून बहुतेक वेळा व्हॅन डर पोल यांचं समीकरण येतं. बाल्थासार व्हॅन डर पोल यांनी १९२० च्या दशकात रेडिओच्या व्हॉल्व्हच्या सर्किटवरून ते मांडलं. त्याचं फेज प्लेनमधलं रूप असं:

```
x' = y
y' = m*(1 - x*x)*y - x
```

इथे m धन आहे. x एकच्या आत असताना विरोधाचं चिन्ह उलटं आहे, तो ढकलतो. बाहेर गेला की अडवतो. म्हणून मधला बिंदू अस्थिर आहे, आणि त्या एका बिंदूखेरीज कुठूनही निघालेली रेष त्याच एका वळशावर येते. m लहान असेल तर त्या वळशाचा झोका २ च्या जवळ असतो. घड्याळाशी तुलना केली तर फरक मध्यावरच्या बिंदूत आहे. मधला बिंदू अस्थिर असेल तर आंदोलन आपोआप सुरू होतं, सर्किटमधला बारीकसा नॉइजही पुरतो. मधला बिंदू स्थिर असेल तर ढकलावं लागतं. म्हणून कोणताही वळसा दिसला की मी आधी त्याच्या पोटातल्या बिंदूचा प्रकार बघतो.

घड्याळ सोडून कारखान्यात गेलं तरी प्रश्न हाच असतो. रबाळे-महापे पट्ट्यात काम करणाऱ्या इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना लूप हंटिंग करतोय, म्हणजे कंट्रोलर आणि व्हॉल्व्हची साखळी एका जागी न राहता सतत वरखाली होतेय, हे वाक्य रोजचं आहे. कंट्रोल व्हॉल्व्हचा स्टेम अडकत अडकत हलत असेल आणि कंट्रोलरमध्ये इंटिग्रल अॅक्शन असेल, तर लूप स्वतःच लिमिट सायकलमध्ये जाऊ शकतो. पण मागच्या युनिटमधून येणारी लहरही तशीच दिसते. वेगळं कसं करायचं? लूप मॅन्युअलवर टाकावा. आंदोलन थांबलं तर ते याच लूपमध्ये तयार होत होतं. तसंच चालू राहिलं तर ते बाहेरून येतंय, आणि व्हॉल्व्ह उघडून बसण्यात अर्थ नाही.

आता कॉम्प्युटरवर चित्र काढताना होणारी एक फसगत, जी मला फार महत्त्वाची वाटते. नुसता लंबक, धक्का नाही, a = 0.1. हे वाचून झाल्यावर हा तुकडा चालवून बघा:

```python
import numpy as np
import matplotlib.pyplot as plt

a, h = 0.1, 0.1
x, y = 0.1, 0.0
xs, ys = [], []
for n in range(2000):
    x, y = x + h*y, y + h*(-a*y - np.sin(x))
    xs.append(x); ys.append(y)
plt.plot(xs, ys); plt.show()
```

पडद्यावर जवळजवळ बंद वळसा दिसेल. आपण तर आत्ताच सिद्ध केलं की इथे बंद वळसा असूच शकत नाही. दोष समीकरणाचा नाही, ऑयलरच्या पद्धतीचा आहे. ही पद्धत h एवढ्या वेळाच्या प्रत्येक पावलाला स्पर्शरेषेवरून सरळ पुढे जाते, म्हणून वळणावर किंचित बाहेर फेकली जाते. लहान झोक्यांसाठी एका पावलात मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग 1 - a*h + h*h पटीने बदलतो. a आणि h दोन्ही ०.१ असताना हे बरोबर १ येतं. विरोधाने जेवढं आत आणलं तेवढंच पद्धतीने बाहेर फेकलं. h = 0.2 केलं तर हा गुणक १.०२ होतो आणि स्थिर फोकस पडद्यावर चक्क अस्थिर दिसतो. h = 0.05 ला तो ०.९९७५ होतो, आणि खरी गुंडाळी दिसू लागते.

खोटा वळसा पकडायचे दोन उपाय आहेत. पाऊल अर्धं करून पुन्हा चालवा, खरा लिमिट सायकल जागचा हलणार नाही. आणि सुरुवात बदलून बघा. इथे ०.१ ऐवजी ०.०५ पासून निघालात तर वेगळा, लहान वळसा मिळेल. म्हणजे दिसतंय ते सेंटर, आणि विरोध असलेल्या यंत्रात सेंटर दिसणं हीच शंकेची खूण. याच्या उलट चूकही होते. खरा लिमिट सायकल असतो, पण रेष त्यावर पोहोचायच्या आतच चालवणं थांबवलं जातं आणि सुरुवातीची गुंडाळीच उत्तर म्हणून लिहिली जाते. आधीचा गुणक माहीत असेल तर किती फेऱ्या थांबायचं ते आधीच सांगता येतं.

मोबाइलमधल्या जायरोस्कोपने किंवा प्लँटच्या डेटावरून चित्र काढलं आणि रेष स्वतःला छेदताना दिसली, तर ती मोजण्यातली खोट असेलच असं नाही. दोनच चलांनी ठरणाऱ्या, वेळेवर अवलंबून नसलेल्या यंत्रात एका बिंदूतून एकच रेष जाऊ शकते. मोजण्यात खोट नसताना छेद दिसला म्हणजे तिसरं काहीतरी आहे जे आपण कागदावर घेतलेलं नाही: बाहेरून ठरावीक वेळाने येणारा धक्का, मोटरचं तापमान, किंवा मोजायचं राहून गेलेलं आणखी एक चल. अशा वेळी प्रतलावर वळसे शोधत बसू नये. इथले नियम तीन चलांना लागू होत नाहीत, आणि प्रतलात अशक्य असलेल्या कितीतरी गोष्टी तिथे घडतात.

शेवटी आपल्या घड्याळाचं तेल सुकलं तर काय होतं ते बघू. विरोध दुप्पट झाला, a = 0.2. अर्ध्या फेरीचा गुणक ०.७२९ होतो, लिमिट सायकलचा वेग ०.०५५ वर येतो आणि झोका ०.०४८ रेडियन, म्हणजे पावणेतीन अंश. घड्याळ चालतंय, टिकटिक ऐकू येते, पण झोका पूर्वीच्या निम्म्यावर आलाय. विरोध तिप्पट झाला, a = 0.3, तर गुणक ०.६२१ आणि हिशेबाने झोका ०.०३२ रेडियन येतो. पण दात सुटायला ०.०४ लागतात. म्हणजे तो वळसा आता अस्तित्वातच नाही. आक्रसत आक्रसत तो सीमेच्या कडेला टेकला आणि नाहीसा झाला, चित्रात उरला फक्त फोकस. म्हणून अशा घड्याळाचे झोके हळूहळू शून्यापर्यंत लहान होत जात नाहीत. ते काही मापापर्यंत लहान होतात, आणि मग एका दिवशी घड्याळ बंद पडतं. पुन्हा कितीही जोरात ढकललं तरी थोडा वेळ चालून थांबतं. चावी सैल पडली तरी हेच होतं, फक्त तिथे गुणक तोच राहतो आणि ०.०१५ चा धक्का घटत जातो. आपल्या आकड्यांत तो ०.००६३ च्या खाली गेला की वळसा संपला. लंबकामागे कोनाची पट्टी चिकटवून महिन्यातून एकदा झोका लिहून ठेवला, तर घड्याळ बंद पडायच्या आधीच ते कळू शकतं. दोन बिघाडांतला फरकही एका प्रयोगात कळतो: चाकापासून लंबक सोडवून मोकळा झुलू द्यावा आणि सलग दोन झोक्यांचं, नंतरचा भागिले आधीचा असं, गुणोत्तर काढावं. ते पूर्वीइतकंच असेल तर लंबक आणि त्याची टांगणी ठीक आहे, दोष स्प्रिंगकडून चाकापर्यंतच्या वाटेत शोधावा. कमी झालं असेल तर टांगणी तपासावी.